एका खोलीतला थरार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच जागी घडणाऱ्या आणि मोजक्या पात्रांत उभ्या राहणाऱ्या नाट्याबद्दल नाटकवाले, शॉर्ट फिल्म करणारी मुलं आणि निव्वळ प्रेक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत. कलाकृतींचे शेवट लपवलेले नाहीत. शेवट न सांगता त्यांची रचना समजावता येत नाही.

एका खोलीत घडतं म्हणजे ते चेंबर ड्रामा, असं म्हणायचं का?

नाही. एका दिवाणखान्यात घडणारी शेकडो मराठी नाटकं आहेत, पण त्यातल्या बहुतेकांत दिवाणखाना ही निव्वळ सोय असते. पात्रं येतात, बसतात, बोलतात आणि जातात. तेच प्रसंग गच्चीवर किंवा बागेत नेले तरी फारसं बिघडत नाही. चेंबर ड्रामात खोली बदलली की गोष्ट मोडते. बर्लिनमध्ये दिग्दर्शक माक्स राइनहार्टने 1906 साली मोठ्या नाट्यगृहाशेजारी एक लहान नाट्यगृह उघडलं आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये नाटककार स्ट्रिंडबर्गने स्वतःच्या छोट्या रंगमंचासाठी चेंबर नाटकं लिहिली. दोघांना प्रेक्षक इतका जवळ हवा होता की नटाची पापणी हललेलीही दिसावी. सिनेमाने ही जवळीक क्लोज-अपच्या रूपाने घेतली.

त्यात जिवावरचा किंवा अब्रूवरचा धोका आणि वेळेची कोंडी आली की तो थ्रिलर होतो. या दोन प्रकारांमध्ये भिंत नाही. उत्तम कलाकृती बऱ्याचदा दोन्ही असतात.

इथे एकाच चित्रपटाबद्दल इतकं का लिहिलं आहे?

कारण ‘12 अँग्री मेन’ (1957) हा या प्रकारातला सर्वात उघडा वाचता येणारा चित्रपट आहे. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा तो पहिला चित्रपट. त्याने पुढे स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना कुठली लेन्स कधी वापरली, शूटिंग कोणत्या क्रमाने केलं, हे सगळं सांगून ठेवलं आहे. त्यामुळे पडद्यावर जे जाणवतं त्यामागे काय केलं होतं, हे अंदाजाने बोलावं लागत नाही.

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमध्ये 18 वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. खटला संपला आहे. निकाल ठरवायला नेमलेले बारा सामान्य नागरिक, म्हणजे ज्युरर, एका खोलीत जातात आणि बाहेरून कुलूप लागतं. दोषी ठरला तर मुलाला मृत्युदंड. निकाल एकमताने हवा. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात आणि हेन्री फोंडाने केलेला आठ नंबरचा ज्युरर एकटा हात वर करत नाही. साधारण दीड तासाच्या या चित्रपटातली अवघी काही मिनिटं त्या खोलीबाहेर घडतात.

लेखक रेजिनाल्ड रोझ स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका खटल्यात ज्युरर म्हणून बसला होता. त्यातून 1954 मध्ये आधी टीव्हीसाठी नाटक झालं आणि मग चित्रपट.

पात्रं उठून निघून का जात नाहीत?

संहिता वाचताना मी सर्वात आधी हाच प्रश्न विचारतो. त्याला पक्कं उत्तर नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नसतो.

कुलूप हे कच्चं उत्तर आहे. कुलूप असलं की पात्रं अडकतात, पण अडकलेली सगळी माणसं एकाच बाजूची होतात आणि त्यांचं भांडण फक्त दाराशी उरतं. ‘12 अँग्री मेन’मध्ये कुलूप आहेच, पण खरी अडवणूक एकमताच्या नियमाची आहे. सात नंबरच्या खिशात त्या संध्याकाळच्या बेसबॉल सामन्याची तिकिटं आहेत. त्याला बाहेर पडायचं असेल तर आठ नंबरला पटवावं लागेल किंवा स्वतः मत बदलावं लागेल. म्हणजे दाराची किल्ली समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात आहे. असं झालं की प्रत्येक वाक्याला वजन येतं, कारण बोलल्याशिवाय सुटका नाही.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे जाता येतं, पण गेलं तर काहीतरी गमवावं लागतं. गेलो तर मी घाबरलो असं दिसेल. गेलो तर माझ्या पाठीमागे हे काय बोलतील कोण जाणे. मराठी घरातल्या वाटणीच्या बैठकीत कोणी उठून जात नाही, ते याच कारणाने. दार सताड उघडं असूनही कोणी हलत नाही, ही कोंडी मला कुलपापेक्षा नेहमीच जास्त जिवंत वाटते.

बाहेर काहीच घडत नाही, मग कथा पुढे कशी सरकते?

मतांच्या आकड्यांनी. हा आकडा प्रेक्षकाला सतत ठाऊक असतो आणि तो बदलतो तेव्हा खोलीतली सत्ता बदलते. अकरा विरुद्ध एक, मग दहा-दोन, नऊ-तीन, आठ-चार, सहा-सहा. मग पारडं उलटतं, मध्ये बारा नंबर एकदा पुन्हा फिरतो आणि शेवटी परत अकरा विरुद्ध एक होतं. फक्त आता एकटा पडलेला माणूस तीन नंबर असतो.

यातलं सर्वात हुशारीने लिहिलेलं वळण अगदी सुरुवातीला आहे. सगळे वैतागलेले असताना आठ नंबर म्हणतो की चिठ्ठ्या टाकून पुन्हा मतदान करा, मी त्यात नाही. अकराच्या अकरा चिठ्ठ्या ‘दोषी’ निघाल्या तर मीही तुमच्याबरोबर. म्हणजे नायकाने आपलं सर्वस्व एका डावावर लावलं आणि आता त्याच्या हातात काही उरलं नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहतो. चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या जातात आणि त्यातली एक ‘निर्दोष’ निघते. ती नऊ नंबरची, सर्वात वृद्ध ज्युररची. त्याला मुलगा निर्दोष आहे असं वाटलेलंच नाही. एकटा माणूस उभा राहिला म्हणून त्याला अजून ऐकून घ्यायचं आहे, एवढंच.

मत बदलण्याची कारणं वेगवेगळी ठेवल्यामुळे ही मालिका कंटाळवाणी होत नाही. झोपडवस्तीत वाढलेला पाच नंबर खटक्याचा चाकू कसा धरतात ते दाखवतो आणि इतरांची खात्री डळमळते. सात नंबर निव्वळ कंटाळून मत बदलतो आणि त्याबद्दल अकरा नंबर त्याला फैलावर घेतो. मत आपल्याच बाजूला येत असूनही. सगळी मतं पुराव्याने फिरली असती, तर तो वकिलीचा तास झाला असता.

पुरावे फक्त बोलण्यातून येतात. ते डोळ्यांना कसे दिसतात?

शक्य तिथे पुराव्याची वस्तू किंवा हालचाल करून. दोन जागा नीट पाहा.

पहिली चाकूची. खुनाचा चाकू दुर्मिळ आहे, असा दुसरा नाही, असा दावा आहे. चार नंबर तो मागवून टेबलात रोवतो. आठ नंबर खिशातून हुबेहूब तसाच दुसरा काढून शेजारी रोवतो. संवाद थांबतो आणि सगळे खुर्च्या सोडून उठतात.

दुसरी चालण्याची. खालच्या मजल्यावरचा म्हातारा साक्षीदार म्हणाला होता की आवाज ऐकल्यावर 15 सेकंदांत तो पलंगावरून उठून दारापर्यंत गेला. त्याचा पाय लंगडा आहे. आठ नंबर घराच्या नकाशावरून अंतर मोजतो, खुर्च्या मांडून पलंग ठरवतो आणि पाय ओढत चालतो. दोन नंबर घड्याळ लावतो. 41 सेकंद लागतात. बंद खोलीत बसलेल्या माणसांनी त्याच खोलीत दुसरं घर उभं केलं आणि नेपथ्याचा एक पैसाही खर्च झाला नाही.

चित्रपट पाहताना खोली लहान होत गेल्यासारखी वाटते. तो भास आहे का?

भास आहे, पण तो ठरवून केलेला आहे. छायाचित्रकार होता बोरिस कॉफमन. ल्युमेटने सांगितलेली योजना अशी: सुरुवात 28 ते 40 मिलिमीटरच्या लेन्सनी करायची, मग 50, मग 75 आणि शेवटी 100 मिलिमीटरपर्यंत जायचं. त्याबरोबर कॅमेऱ्याची उंचीही बदलायची. पहिला तृतीयांश भाग नजरेच्या वरून, दुसरा नजरेच्या पातळीवर आणि तिसरा नजरेच्या खालून.

28 मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सला बरंच रुंद दिसतं. चौकटीत चार माणसं, टेबल, खिडक्या आणि मागची भिंत मावते, आणि ती भिंत लांब वाटते. लांब लेन्सला अरुंद दिसतं, म्हणून तोच चेहरा तेवढाच मोठा हवा असेल तर कॅमेरा मागे न्यावा लागतो. कॅमेरा मागे गेला की चेहरा आणि त्यामागची भिंत यांच्यातलं अंतर डोळ्यांना कमी वाटू लागतं. मागची भिंत, मागचा माणूस थेट मानेवर आल्यासारखा वाटतो. खोली तेवढीच असते, फक्त माणसांभोवतीची हवा काढून घेतली जाते.

उंचीचं कामही तसंच आहे. वरून पाहताना टेबलाची रचना कळते, कोण कुठे बसलाय हे समजतं आणि आपण त्या माणसांपासून थोडे अलग राहतो. कॅमेरा खाली गेला की छत चौकटीत येऊ लागतं. भिंती जवळ आल्याच होत्या, आता डोक्यावरही झाकण आलं.

शेवटच्या शॉटमध्ये ज्युरर न्यायालयाबाहेर पायऱ्या उतरतात, तेव्हा ल्युमेटने पूर्ण चित्रपटात वापरलेल्या कोणत्याही लेन्सपेक्षा रुंद लेन्स लावली आणि कॅमेरा सर्वात उंच नेला. प्रेक्षकाला मोकळा श्वास मिळावा, हा त्याचा सांगून केलेला हेतू होता.

हे सगळं पहिल्या पाहण्यात कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि यायलाही नको. दर दहा मिनिटांनी चित्रपट थांबवून एकेक चौकट शेजारी शेजारी ठेवा, मग लख्ख दिसतं.

असं असेल तर शूटिंग कथेच्या क्रमाने करावं लागलं असेल ना?

उलट. क्रम पूर्ण मोडला होता, कारण पैसे आणि दिवस दोन्ही कमी होते. प्रकाशयोजना बदलण्यात सर्वात जास्त वेळ जातो. म्हणून एका खुर्चीसाठी दिवे लावले की त्या खुर्चीतलं सगळं, चित्रपटात कुठेही येणारं, एकदम उरकायचं. मग पुढची खुर्ची. असा खोलीला तीन वेळा फेरा मारला. एकदा नेहमीच्या उजेडात, एकदा ढग दाटून आल्यावरच्या उजेडात आणि एकदा खोलीतले दिवे लागल्यावरच्या उजेडात.

याचा परिणाम असा की फोंडा आणि तीन नंबर करणारा ली जे. कॉब एकमेकांवर तुटून पडतात, त्या प्रसंगातला एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा चेहरा यांच्या चित्रीकरणात सात-आठ दिवसांचं अंतर होतं. आज ओरडलेल्या वाक्याला आठवड्याने उत्तर द्यायचं आणि आवाजाची पट्टी तीच हवी. हे जमलं ते आधीच्या दोन आठवड्यांच्या तालमीमुळे. कोणत्या क्षणी कोणाचा राग किती वर असेल, याचा आलेख ल्युमेटच्या डोक्यात तयार होता. शूटिंग 19 दिवसांत आटोपलं.

आपल्याकडे ‘एकच लोकेशन आहे, दोन दिवसांत काढून टाकू’ असं म्हणतात, तेव्हा हे दोन आठवडे कोणी मोजत नाही. एक लोकेशन असलं की प्रवास आणि परवानग्या वाचतात. वाचलेला वेळ तालमीत घातला नाही तर तो वाया गेला असं समजा.

उकाडा, पंखा, पाऊस यांचं एवढं महत्त्व का?

कारण बंद खोलीत हवामान हेच एकमेव बाहेरून येणारं पात्र असतं. चित्रपट वर्षातल्या सर्वात उकाड्याच्या दिवशी घडतो. पंखा चालत नाही. माणसं कोट काढतात, शर्टाला घामाचे डाग पडतात. मतं सहा-सहा झाल्यानंतर पाऊस कोसळतो, खोलीत अंधारून येतं, दिवे लावले जातात आणि पंखा सुरू होतो, कारण तो दिव्यांच्याच बटणावर होता. गार वाटायला हवं, पण तोवर कॅमेरा खाली गेलेला आणि चौकट आवळलेली असते. शरीराला आराम आणि मनाला जास्त कोंडी, असं दुहेरी काम तो पाऊस करतो.

घामाचा एक बारीक धागा मला फार आवडतो. चार नंबर हा थंड डोक्याचा, कोटसुद्धा न काढणारा माणूस. पाच नंबर त्याला विचारतो, तुम्हाला कधी घाम येत नाही का? तो म्हणतो, नाही. आरोपी मुलाला खुनाच्या रात्री पाहिलेल्या सिनेमांची नावं आठवली नव्हती आणि चार नंबरच्या मते हाच त्याच्या खोटेपणाचा पुरावा आहे. मग आठ नंबर त्याला शांतपणे विचारत जातो: काल रात्री काय केलंत? परवा? त्याआधी? तो सिनेमाला गेला होता. दुसऱ्या सिनेमाचं नाव त्याला धड सांगता येत नाही, नटांची नावं अडखळतात. आणि त्याच्या कपाळावर घाम येतो, तो रुमालाने टिपतो. कोणी त्यावर बोलत नाही. पाच नंबरच्या त्या एका प्रश्नाची पेरणी नसती, तर हा रुमाल निव्वळ रुमाल राहिला असता.

पात्रांना उगाच हिंडवू नये म्हणतात. मग हालचाल कधी द्यायची?

नातं बदलेल तेव्हा. दहा नंबर झोपडवस्तीतल्या ‘त्या लोकांबद्दल’ विखारी भाषण सुरू करतो तो प्रसंग घ्या. तो बोलत असताना पाच नंबर उठून त्याच्याकडे पाठ करतो. मग दुसरा, मग तिसरा. ज्यांनी अजून त्याच्याच बाजूने मत दिलेलं आहे तेही उठतात. टेबल जवळजवळ रिकामं होतं आणि त्याचा आवाज आपोआप खाली येतो. शेवटी चार नंबर त्याला बसायला आणि पुन्हा तोंड न उघडायला सांगतो. एवढ्या मोठ्या प्रसंगात त्याच्या विरोधात भाषण असं कोणीच करत नाही.

हा प्रसंग चालतो कारण त्याआधी बराच वेळ ही माणसं टेबलाला बांधलेली होती. सुरुवातीपासून सगळे उठबस करत राहिले असते, तर या उठण्याला काही अर्थ उरला नसता.

हिचकॉकचा ‘रोप’ खरंच एका सलग शॉटमध्ये आहे का?

नाही. ‘रोप’ (1948) दहा शॉटचा आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्यात एका वेळी साधारण दहा मिनिटांची फिल्म मावायची. काही जोड कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन झाकले आहेत आणि काही साधे कट आहेत, जे लोकांच्या लक्षात राहत नाहीत. कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून सेटच्या भिंती सरकत्या होत्या.

शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन तरुण मित्राचा गळा आवळतात, प्रेत एका पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर जेवण मांडून मयताच्या वडिलांसह पाहुण्यांना बोलावतात. पेटीत काय आहे हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. एका प्रसंगी पाहुणे चौकटीबाहेर बोलत असतात आणि कॅमेरा पेटीवर स्थिर असतो. घरकाम करणारी बाई येते, पेटीवरची ताटं उचलून आत नेते, परत येते, मेणबत्त्या नेते, कापड काढते, पुस्तकं आणते. ती पुस्तकं तिला पेटीत ठेवायची आहेत. ती झाकणाला हात घालेपर्यंत काहीही घडत नाही, आणि प्रेक्षागृहात कोणी हलत नाही. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहिती दिली की ताट उचलण्यातही थरार येतो. माहिती लपवून फक्त एक दचका मिळतो.

मराठीत याचा नमुना कोणता?

माझं उत्तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. विजय तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’ने 1967 मध्ये केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेंची भूमिका सुलभा देशपांडे यांची. 1971 मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. ते सामाजिक नाटक म्हणून शिकवलं जातं आणि ते खरंच आहे. पण त्याची बांधणी थ्रिलरची आहे आणि त्याकडे कमी लक्ष दिलं जातं.

एक हौशी मंडळ गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतं. रात्रीच्या प्रयोगाला वेळ आहे. गावातल्या सामंतला कोर्ट कसं चालतं हे समजावं म्हणून लुटूपुटीचा खटला चालवायचं ठरतं आणि गंमत म्हणून बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. ‘हा खेळच आहे’ या सबबीखाली मंडळी हळूहळू त्यांच्या खासगी आयुष्यात शिरतात. ज्या प्राध्यापक दामल्यांवर सगळं येऊन ठेपतं, तो माणूस तिथे नाहीच. त्याची रिकामी जागा खोलीतल्या आठ माणसांइतकीच बोलते.

आता दार पाहा. नाटक सुरू होताना सामंत आणि बेणारे हॉलमध्ये येतात तेव्हा कडीत बेणारेंचं बोट सापडतं. किरकोळ प्रसंग, बेणारे हसून बोट चोखतात, आपण विसरतो. पुढे खटला अंगावर आल्यावर त्या बाहेर पडायला दाराशी जातात, कडी काढतात, दार ओढतात आणि ते उघडत नाही. बाहेरून लागलेलं आहे. कोणी मुद्दाम कोंडलेलं नाही, त्या दाराची खोडच तशी. पण त्या क्षणी आत उभ्या असलेल्या सगळ्यांचे चेहरे बदललेले असतात. खेळाचं निमित्त संपतं आणि शिकार उरते. पहिल्या पाच मिनिटांत ते बोट सापडलं नसतं, तर बंद दार ही लेखकाची सोय वाटली असती.

ज्युरी आपल्याकडे नाही. मग ‘एक रुका हुआ फैसला’ खोटा वाटत नाही का?

बासू चटर्जी यांचा हा 1986 चा हिंदी चित्रपट ‘12 अँग्री मेन’वरच बेतलेला आहे. तोवर भारतातून ज्युरी गेलेली होती. मुंबईत 1959 च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि त्यानंतर ही पद्धत मागे पडत गेली. त्यामुळे तपशील म्हणून पाहिलं तर चित्रपटाचा पाया कच्चा आहे. तरी पाहताना तो खटकत नाही, कारण सोडून न जाण्याचा नियम पहिल्या दोन मिनिटांत ठामपणे सांगितलेला आहे. पंकज कपूर यांचा तीन नंबर पाहाच. कॉबपेक्षा तो अधिक चिरडीला आलेला, अधिक दुखावलेला वाटतो.

मोबाइलच्या काळात असं काही लिहिता येतं का?

येतं. ‘रेंज नाही’ हे उत्तर मात्र सोडून द्या. फोन आहे, लागतो, पण ज्याला लावायचा त्याला हे सांगता येत नाही, असं काहीतरी शोधा.

आम्हाला घरातल्या खोलीत शॉर्ट फिल्म करायची आहे. नेमकं काय बिघडतं?

तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, जागा. आपल्या बेडरूम दहा बाय बारा फुटांच्या. चार माणसं, पलंग आणि कॅमेरा मावल्यावर मागे सरकायला जागा उरत नाही, म्हणून सगळं वाइड लेन्सवर निघतं. बहुतेक फोनची मुख्य लेन्सही वाइडच असते. परिणामी खोली पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते आणि कोंडीच हरवते. उपाय म्हणजे मोठी खोली घ्या आणि ती लहान दाखवा. हॉलमध्ये कॅमेरा बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये उभा करून आतलं टिपता येतं. तेच लांब लेन्सने करा आणि वाइड शॉट सुरुवातीला एक-दोनच घ्या, म्हणजे प्रेक्षकाला भूगोल कळेल.

दुसरी, नजरांची दिशा. टेबलाभोवती पाच माणसं असली की कोण कोणाकडे पाहतंय याचा गोंधळ उडतो. दोन बोलणाऱ्यांमध्ये एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण पाच जणांत अशा दहा रेषा होतात. शूटिंगच्या आधी कागदावर टेबल काढा, खुर्च्यांना नंबर द्या आणि प्रत्येक संवादापुढे ‘तीन, पाचकडे पाहून’ असं लिहा. एडिटिंगला बसल्यावर दोघे एकमेकांशी बोलताना दोघेही डावीकडेच पाहताना दिसले, तर हा कागद केला नव्हता असं समजा. तेव्हा दुरुस्ती करता येत नाही.

तिसरी आणि सर्वात दुर्लक्षित, आवाज. एका खोलीत प्रेक्षक आवाजावर जगतो. एका टेकमध्ये फ्रिज चालू आणि दुसऱ्यात बंद असेल, तर कट कानाला ठेचकाळतो. फ्रिज आणि पंखा बंद करा. प्रत्येक सेटअपनंतर सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा. तो एडिटिंगमध्ये सांध्यांखाली घालता येतो. टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे रजया आणि सतरंज्या टांगा.

उजेडासाठी खिडकीवर विसंबू नका. सकाळी दहाला सुरू केलेला दहा मिनिटांचा प्रसंग संध्याकाळी पाचला संपतो आणि सूर्य तोवर इमारतीच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. पडदे ओढा आणि दिव्यांवर काम करा.

संहिता खरंच ताणलेली आहे हे शूटिंगआधी कसं ओळखायचं?

एक कोष्टक करा. आडव्या ओळीत प्रसंग, उभ्या रकान्यात पात्रं आणि सर्वात शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहा: या क्षणी याला काय माहीत आहे. लागोपाठच्या दोन ओळी सारख्याच निघाल्या, तर त्या दोन प्रसंगांपैकी एक काढा. प्रेक्षकाचा रकाना सगळीकडे एखाद्या पात्राशी जुळत असेल, तर थरार येणार नाही, फक्त चर्चा होईल.

मग संहिता दिवे मालवून मोठ्याने वाचून घ्या आणि ऐकणाऱ्यांपैकी कोण कधी चुळबुळतं ते वेळेसकट टिपा. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांसाठी एकांकिका बसवणाऱ्यांना हे जुनंच आहे. चुळबुळ बहुतेक वेळा पात्रं भूतकाळ सांगू लागतात तिथे होते. भूतकाळ सांगायचाच असेल, तर ज्याने तो ऐकू नये अशा माणसासमोर सांगायला लावा.

किती पात्रं असावीत?

आकड्याला नियम नाही. ‘बरीड’ (2010) एका माणसावर आणि एका शवपेटीवर तरतो. तरी नवशिक्यांना मी तीन किंवा चार सांगतो. दोघांत भांडण होतं, तिसरा आला की कोण कोणाच्या बाजूने हा प्रश्न जन्मतो आणि प्रत्येक वाक्याला एक साक्षीदार मिळतो. पाचाच्या पुढे गेलात तर प्रत्येकाला गप्प असतानाही काहीतरी काम द्यावं लागतं. ‘12 अँग्री मेन’मध्ये कोणत्याही एका गप्प ज्युररवर नजर ठेवून पूर्ण चित्रपट पाहा. दोन नंबर घ्या. सुरुवातीला तो आपलं मत धड मांडूही शकत नाही. पुढे चाकूचा वार वरून खाली कसा बसेल हा मुद्दा तोच काढतो, आणि तीन नंबरला तोंडावर उत्तरही देतो. त्याच्यासाठी वेगळा प्रसंग लिहिलेला नाही. हा बदल त्याच्या बसण्यात आणि ऐकण्यात घडत गेला आहे.